सर्व्हेअर येतो म्हणाला, पण त्याला नेमकं कधी बोलवायचं आणि आत कसं न्यायचं?

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली आणि पुणे महामार्गावरची वाहतूकही अडली. तेव्हापासून सोलापुरातल्या बऱ्याच दुकानदारांनी विमा काढला किंवा जुना पुन्हा चालू केला. पण नुकसान झाल्यावर पुढची पायरी कोणती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विमा कंपनीला कळवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन येतो, "सर्व्हेअर बोलतोय, बघायला कधी येऊ?" आणि समोरून घाईघाईत उत्तर जातं, "या की कधीही, दुकान उघडंच असतं." क्लेम पुढे अडकतो त्याची सुरुवात पुष्कळदा या उत्तरातच झालेली असते.

हा लेख तळमजल्यावर पाणी शिरलेल्या कापडाच्या दुकानाभोवती फिरतो, कारण सोलापुरात चादर-टॉवेलचा साठा असलेली शेकडो दुकानं आणि गोदामं आहेत आणि पाणी लागलेला सुती माल थांबून राहत नाही. घराच्या बाबतीतही वेळ ठरवण्याची रीत हीच आहे.

सर्व्हेअर कोण असतो?

सर्व्हेअर म्हणजे नुकसान किती झालं आणि कशामुळे झालं हे जागेवर येऊन पाहणारा आणि त्याचा अहवाल देणारा परवानाधारक माणूस. परवाना विमा नियामक आयआरडीएआयचा असतो. नेमणूक विमा कंपनी करते आणि फीही कंपनीच देते. तुम्हाला पॉलिसी विकणारा एजंट वेगळा आणि हा वेगळा. एजंटने "मी बघून घेतो" म्हटलं तरी तुमच्या क्लेमचा कागद सर्व्हेअरच्या पाहणीवर उभा राहतो.

नियामकाने जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो आणि नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याने अहवाल द्यायचा असतो. म्हणजे घड्याळ तुमच्या कळवण्यापासून सुरू होतं. म्हणून तोंडी कळवून थांबू नका. फोनवर मिळालेला क्लेम नंबर लिहून घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेलही टाका. पुढे तारखांवरून वाद झाला तर तो ईमेल उपयोगी पडतो.

वेळेला एवढं महत्त्व का?

ओली चादर दोन दिवस गठ्ठ्यात दाबून ठेवली की तिला बुरशीचा वास येऊ लागतो, आणि तांबडा किंवा गडद रंग शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. म्हणून दुकानदाराला ताबडतोब गठ्ठे सोडून माल वाळत घालावासा वाटतो आणि फेकण्याजोगा फेकून द्यावासा वाटतो. इकडे सर्व्हेअरला मात्र माल आहे तिथे आणि आहे तसा पाहायचा असतो. एक्स-रे काढण्याआधीच प्लास्टर घातलं तर हाड कुठे मोडलं हे डॉक्टरला नीट दिसत नाही, तशीच ही गत आहे.

म्हणून वेळ लवकरची मागा, आणि ती यायच्या आत काय हलवायचं आणि काय हलवायचं नाही हे आधीच ठरवा. पॉलिसीत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही वाजवी ते करायचं आणि पाहणीसाठी माल राखूनही ठेवायचा. या दोहोंचा मेळ कसा घालायचा ते पुढे उदाहरणात येईलच.

पहिल्या फोनवर काय विचारायचं?

आधी नाव, परवाना क्रमांक आणि कोणत्या कंपनीने नेमलं ते विचारा. मग तुमचा क्लेम नंबर त्यालाच सांगायला लावा. खऱ्या सर्व्हेअरकडे तो असतोच. शंका वाटली तर कंपनीच्या ग्राहक-सेवेला फोन करून खात्री करा. पाहणीसाठी तुमच्याकडून पैसे मागितले, ओटीपी मागितला किंवा एखादं अॅप टाकायला लावलं, तर फोन ठेवून द्या.

मग विचारा की येताना तो फक्त डोळ्यांखालून घालणार आहे, की मोजणीही त्याच दिवशी करणार आहे. हा प्रश्न फार कामाचा आहे. पहिली पाहणी तासा-दीड तासात होते, पण गठ्ठे उघडून मोजायचे तर अर्धा-पाऊण दिवस जातो आणि दोन-तीन हमाल लागतात. ही तयारी नसली की सर्व्हेअर फोटो काढून निघून जातो आणि मोजणी दुसऱ्या खेपेवर जाते. मधले दिवस माल ओलाच राहतो.

कोणती वेळ मागावी?

दिवसाउजेडाची. पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवरची रेघ, फळीखालचा गाळ आणि कापडाचा उतरलेला रंग बॅटरीच्या उजेडात नीट दिसत नाही. पाणी शिरलेल्या जागेत वीज तर चालू करायचीच नाही. बोर्डापर्यंत पाणी गेलं असेल तर मेन स्विच बंद ठेवा आणि वायरमनने तपासून सांगेपर्यंत पंखाही लावू नका. त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ धरायला हरकत नाही. मोठ्या नुकसानीला पुण्याहून किंवा मुंबईहून सर्व्हेअर येतो. अशा वेळी तो पोचेपर्यंत दुपार होते, म्हणून "सकाळी दहाला" म्हणण्याऐवजी "बारा ते चार" असा पट्टा मागा.

त्या वेळी तुमच्याकडून कोण हजर असणार हे आधी ठरवा. मालाची खरी माहिती बहुतेक दुकानांत मालकापेक्षा दिवाणजीला जास्त असते. कोणत्या फळीवर कोणता नंबर लागतो आणि कोणता गठ्ठा कोणत्या बिलाचा, हे तोच सांगू शकतो. मालावर बँकेचं कॅश क्रेडिट असेल तर बँकेलाही कळवा, कारण अशा पॉलिसीवर सहसा बँकेचं नाव असतं आणि काही शाखा आपला माणूस पाठवतात. त्याला आणि सर्व्हेअरला एकाच वेळी बोलावलं तर माल दोनदा उलथावा लागत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत वेळ ठरवत असाल तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग आणि दिवस पाहूनच ठरवा. त्या रस्त्यांवर गाडी जात नाही, आणि बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं.

आत शिरण्याची वाट

फोनवर ठरलेलं सगळं लगेच लिहून पाठवा. हा संदेश सर्व्हेअरला व्हॉट्सअॅपवर आणि कंपनीला ईमेलने असा दोन्हीकडे जावा. तो साधारण असा असू शकेल:

"नमस्कार साहेब, क्लेम नंबर अमुक. आज फोनवर ठरल्याप्रमाणे बुधवारी दुपारी १२ ते ४ या वेळेत पाहणी. पॉलिसीवरचा पत्ता पूर्व मंगळवार पेठ, घर नंबर अमुक. महापालिकेच्या नव्या करपावतीवर नंबर वेगळा आहे, पावती तिथे दाखवू. लोकेशन सोबत. बोळ अरुंद आहे, चारचाकी आत येत नाही; गाडी कन्ना चौकाच्या बाजूला लावून फोन करा, आमचा माणूस घ्यायला येईल. दुकानाचं शटर पुढून, गोदामाचं दार मागच्या बोळातून. गोदामाची किल्ली घरमालकाकडे आहे, ते त्या वेळी हजर राहतील. वीज बंद आहे, चार्जिंगचे दिवे ठेवले आहेत. दोन हमाल आणि दिवाणजी हजर असतील. काही कोरडा माल दुसऱ्या जागी हलवला आहे, तिचा पत्ता व यादी सोबत. तीही जागा त्याच दिवशी दाखवू. खाली रेंज नाही, म्हणून बाहेर थांबणाऱ्याचा नंबर देत आहे."

यातल्या पत्त्याच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. पेठांमध्ये जुना आणि नवा असे दोन घर नंबर चालतात. पॉलिसीवर एक नंबर आणि दारावर दुसरा असला की "विमा याच जागेचा आहे का?" हा प्रश्न अहवालात उभा राहतो. करपावती हाताशी असली तर तो तिथेच मिटतो. माल मात्र पॉलिसीत न लिहिलेल्या गोदामात होता, तर ती अडचण पाहणीच्या दिवशी सुटत नाही. खरं ते सांगावं, लपवू नये.

किल्लीचंही तसंच आहे. भाड्याच्या जागेत मागचं दार किंवा गच्चीचा जिना घरमालकाच्या ताब्यात असतो. पाणी गच्चीतून झिरपलं की बोळातून शिरलं, हे पाहायला सर्व्हेअरला वरही जावं लागतं आणि मागेही. कुलूप निघालं नाही तर पाण्याचा मार्गच अहवालात येत नाही.

एक उदाहरण: पंधरा रॅक आणि एक पाण्याची रेघ

समजा, गोदामात १५ रॅक आहेत. सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर आहे. रात्री पाऊस झाला, मागच्या बोळातून पाणी आत आलं आणि सकाळी भिंतीवर १४ इंचांवर रेघ दिसली. खालच्या प्रत्येक फळीवर २० गठ्ठे, एका गठ्ठ्यात ५ चादरी, खरेदीचा भाव ४०० रुपये चादर. म्हणजे खालच्या फळ्यांवर ३०० गठ्ठे, किंमत ६ लाख रुपये.

मालकाने सगळ्यांत आधी पाणी उपसायच्या अगोदर फोटो काढायचे. भिंतीला टेप लावून रेघेची उंची दिसेल असा एक, प्रत्येक रॅकचा नंबर दिसेल असे पंधरा आणि पाणी आत आलं त्या दाराचा एक. मग पंप लावायचा. गठ्ठे फळीवरून काढताना प्रत्येकावर रॅकचा नंबर लिहून चिठ्ठी बांधायची. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण चिठ्ठी नसलेले तीनशे ओले गठ्ठे एका ढिगात पडले की कोणता कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

सर्व्हेअर आल्यावर आधी रेघ मोजतो, मग फळीची उंची. वरच्या थरातले गठ्ठे रेघेच्या वर असूनही ओले कसे, असं तो विचारेल. सुती कापड दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतं, त्यामुळे १४ इंचांच्या रेघेवरही काही इंच ओल चढते. बाहेरून कोरडा वाटणारा गठ्ठा सोडून मधली घडी हाताला लावून दाखवा. असे वरच्या थरातले चार-पाच गठ्ठे त्याच्यासमोर सोडण्यासाठी न उघडलेले ठेवावेत.

मग तो वह्यांकडे वळतो. जमाखर्चाच्या हिशेबाने त्या दिवशी दुकानात ४४ लाखांचा माल असायला हवा होता. दुकानात आणि वरच्या फळ्यांवर २१ लाखांचा कोरडा माल मोजला, ओला ६ लाखांचा. बेरीज २७ लाख. उरलेले १७ लाख कुठे? मालकाने पहिल्याच सकाळी घाबरून बराच कोरडा माल मेहुण्याच्या घरी हलवला आहे. तो दाखवला तर हिशेब पुरा जुळतो. दाखवला नाही तर सर्व्हेअरला एकच निष्कर्ष काढता येतो, तो म्हणजे वह्या खऱ्या नाहीत. मग ओल्या ३०० गठ्ठ्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून संदेशात दुसऱ्या जागेचा पत्ता घातला होता. कोरडा माल हलवायला काहीच हरकत नाही, फक्त यादी करून हलवा आणि ती जागाही त्याच दिवशी दाखवा. बँकेला दर महिन्याला जाणारं साठ्याचं विवरणही काढून ठेवा. त्यातला आकडा वह्यांशी जुळतो का हे तो पाहतोच.

एकूण साठा मोजण्याचं आणखी एक कारण आहे. माल ४४ लाखांचा आणि विमा ४० लाखांचा, तर विमा ४ लाखांनी, म्हणजे सुमारे नऊ टक्क्यांनी कमी पडला. याला अंडर-इन्शुरन्स म्हणतात. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला लागू असलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट सोडून दिली जाते, म्हणून इथे काही कापलं जाणार नाही. विमा ३० लाखांचाच असता तर तूट १५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली असती आणि नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात घटली असती. घरासाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात नाही. म्हणून घरच्या पाहणीत एकूण मालमत्तेच्या हिशेबावर एवढा जोर नसतो.

शेवटी ओल्या मालातून काय हाती येईल ते पाहिलं जातं. धुऊन 'सेकंड' म्हणून विकता येणाऱ्या मालाच्या किमतीला सॅल्व्हेज म्हणतात आणि ती नुकसानीतून वजा होते. ६ लाखांच्या मालाचे दीड लाख येत असतील तर नुकसान साडेचार लाख, आणि त्यातून पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. सॅल्व्हेजचा भाव सर्व्हेअरने एकट्याने लावू नये. दोन-तीन व्यापाऱ्यांचे लेखी भाव तुम्हीही काढून ठेवा.

मोजणीचा कागद दोघांच्या सहीने होतो. सही करण्याआधी त्याचा फोटो काढा. त्यात फक्त नग आणि स्थिती लिहिलेली असावी. "अमुक रकमेला माझी संमती" अशी ओळ असेल तर त्या दिवशी सही करू नका, वेळ मागा.

"पण तोवर माल कुजून जाईल, त्याचं काय?"

सर्व्हेअरला यायला दोन दिवस लागणार असं कळलं, तर कंपनीला ईमेल करा: "माल आणखी खराब होऊ नये म्हणून आज संध्याकाळी पाचपासून गठ्ठे सोडून वाळत घालत आहोत. फोटो व चित्रीकरण सोबत. प्रत्येक प्रकारचे दोन गठ्ठे न उघडता ठेवले आहेत. आपली हरकत असल्यास त्याआधी कळवा." मग खरंच तसंच करा. माल फेकू मात्र नका, कितीही वास आला तरी. मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली वेगळा ठेवा. फेकलेला माल कुणीही मोजू शकत नाही.

"तलाठ्याचा पंचनामा झालाय की, मग हे पुन्हा कशाला?"

तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याची रक्कम त्यावरून ठरत नाही, पण पूर किंवा अतिवृष्टी झाली होती याचा तो चांगला पुरावा असतो. त्याची प्रत पाहणीच्या दिवशी हातात ठेवा. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला आणि चोरी असेल तर पोलिसांतली फिर्याद हे काम करते. पंचनामा अजून मिळाला नाही म्हणून पाहणी लांबवू नका. कागद मागून देता येतो.

"मोबाइलवरच दाखवा म्हणतात, चालेल का?"

लहान नुकसानीत कंपन्या व्हिडिओवर पाहणी करतात. दुकान कोरडं असेल आणि नुकसान एखाद्या कपाटाचं असेल तर हे सोयीचं आहे. तळघर किंवा मागच्या गोदामासाठी मात्र आधी तिथे रेंज येते का ते तपासा. मधेच तुटलेल्या व्हिडिओत अर्धाच माल दिसतो. शेकडो गठ्ठ्यांचा प्रश्न असेल तर प्रत्यक्ष येण्याचा आग्रह धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या घडीची ओल कॅमेऱ्यात दिसत नाही.

"ठरवून आलेच नाहीत तर?"

ठरलेल्या पट्ट्यानंतर तासाभराने फोन करा. उत्तर आलं नाही तर त्याच संध्याकाळी कंपनीला लिहा की दुकान उघडं होतं, अमुक माणसं हजर होती, पाहणी झाली नाही, नवी वेळ द्या. हजर माणसांचा आणि उघड्या शटरचा एक फोटो जोडा. तुमच्या अडचणीमुळे वेळ बदलायची असेल तरीही लेखी कळवा आणि नवी तारीख त्याच संदेशात द्या. "नंतर सांगतो" एवढंच लिहिलं तर उशीर तुमच्या नावावर जातो.

कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि एकल मालकीच्या दुकानदारालाही ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी तिथे दाद मागता येते. सोबत जोडायला वेळ ठरवल्याचा तो व्हॉट्सअॅप संदेश, कंपनीला पाठवलेले ईमेल आणि मोजणीच्या कागदाचा फोटो जपून ठेवा.